सेल्सची ऑफर आली? व्हेरिएबलबद्दल विचारताना टक्के नको, माणसं मोजा

माझा भाचा सांगलीचा. एमबीए करून दीड वर्ष एका डिस्ट्रिब्युटरकडे घासली, आणि गेल्या वर्षी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर तोंडावर आली तेव्हा त्याने मला फोन केला. "मामा, नऊ लाख देतायत. फिक्स्ड सहा लाख तीस हजार, बाकी व्हेरिएबल. एचआरच्या मॅम म्हणाल्या, व्हेरिएबल सगळ्यांना मिळतंच."

मी विचारलं, "सगळ्यांना म्हणजे किती जणांना?"

पलीकडे शांतता. तो म्हणाला, "तसं कसं विचारणार? वाटेल ना की याला आत्ताच पैशांची पडलीय."

सेल्सला घेताना कंपनी तुमच्यात बघते काय? समोरच्याला न दुखावता पैशांचं बोलता येतं की नाही, हेच. त्यामुळे हा प्रश्न नीट विचारणारा उमेदवार उलट उजवा ठरतो. नीट म्हणजे कसा, कोणाला, कोणत्या वेळी, आणि आलेल्या उत्तराचं काय करायचं, एवढंच या लेखात आहे. उदाहरण भाच्याचंच घेतो, कारण त्याचे आकडे मी स्वतः कागदावर मांडले होते.

आधी स्वतःच्या डोक्यात तीन गोष्टी वेगळ्या करा

पहिली गोष्ट अचिव्हमेंट. टार्गेटच्या किती टक्के धंदा आणला, ते. पंधरा लाखांचं टार्गेट आणि बारा लाख आणले तर 80 टक्के.

दुसरी गोष्ट पेआउट. त्या अचिव्हमेंटवर व्हेरिएबलपैकी किती पैसे खात्यात आले, ते. नवख्या माणसाला वाटतं 80 टक्के काम म्हणजे 80 टक्के व्हेरिएबल. काही कंपन्यांत तसं असतं, पण बऱ्याच ठिकाणी मध्ये स्लॅब असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या स्लॅबचा उंबरठा. याला कुठे गेट म्हणतात, कुठे क्वालिफायर. 70 टक्क्यांचं गेट असेल तर 69 टक्के आणणाऱ्याला शून्य मिळतं. दहा टक्के आणणाऱ्यालाही शून्यच. भाच्याच्या ऑफरमध्ये रचना अशी होती: 70 टक्क्यांखाली काही नाही, 70 ते 99 पर्यंत तिमाही व्हेरिएबलच्या निम्मं, 100 ला पूर्ण, आणि त्यावर वाढत जाऊन दीडपटीला कॅप.

हे तीन शब्द वेगळे ठेवले नाहीत तर समोरून आलेलं उत्तर खरं असूनही फसवं ठरतं. "आमचा पेआउट शंभर टक्के आहे" या वाक्याचा अर्थ "ज्यांचं जेवढं बसलं तेवढं आम्ही बुडवलं नाही" एवढाच असू शकतो. त्यात खोटं काहीच नाही. फक्त ते किती जणांचं बसलं हे त्यात नाही.

आयटीतल्या मित्राचे पेआउटचे आकडे इथे लावू नका. तिथे बहुतेक वेळा कंपनीच्या निकालावरून एक टक्केवारी ठरते आणि ती थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू होते. सेल्समध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला दीडपट आणि तुम्हाला शून्य, हे एकाच तिमाहीत होऊ शकतं.

कोणाला विचारायचं

फोनवर जो "रिक्रूटर" बोलतो तो दोन वेगवेगळ्या जागी बसलेला असू शकतो, आणि त्याला काय माहीत असेल ते त्या जागेवरून ठरतं.

कन्सल्टन्सीचा माणूस असेल तर त्याच्याकडे जॉब डिस्क्रिप्शन, बजेट आणि फिक्स्ड-व्हेरिएबलचं प्रमाण असतं. टीमचा इतिहास बहुधा नसतो. शिवाय आपल्याकडे कन्सल्टन्सीची फी अनेकदा उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीवर लागते. 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी, हा दर जुना आणि सर्रास आहे. मोठी सीटीसी त्याच्याही फायद्याची असते, मग त्यातलं व्हेरिएबल तुमच्या हाती पडो न पडो. म्हणून तो वाईट माणूस ठरत नाही. त्याला फक्त एवढंच सांगायचं: "सर, हा प्रश्न कंपनीच्या एचआरकडे पोचवाल का? उत्तर मेलवर आलं तर बरं."

कंपनीतल्या रिक्रूटरकडे इन्सेंटिव्ह पॉलिसी असते, निदान मागवता येते. गेट किती, पेआउट कधी, सोडून जाणाऱ्याचं काय, ही उत्तरं त्याच्याकडून मिळतात. पण मागच्या चार तिमाहींत कोणी किती आणलं हे त्याच्यासमोर नसतं.

ते असतं तुमच्या होणाऱ्या मॅनेजरसमोर. दर सोमवारी तो तोच तक्ता उघडून बसलेला असतो. त्यामुळे रिक्रूटरला विचारायच्या प्रश्नांतला एक प्रश्न असा ठेवा: "हे आकडे आपल्याकडे नसतील तर मॅनेजर सरांशी पंधरा मिनिटं बोलणं करून द्याल का?" बहुतेक रिक्रूटर याला खुशीने हो म्हणतात, कारण माहीत नसलेलं उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्या डोक्यावरून उतरते.

कधी विचारायचं

पहिल्या फोनवर फक्त दोन गोष्टी: फिक्स्ड आणि व्हेरिएबलचं प्रमाण, आणि व्हेरिएबल महिन्याला, तिमाहीला की वर्षाला मिळतं. इतिहास तिथे विचारू नका. तुम्ही अजून त्यांना पसंत नाही आणि आकडे शोधायचे कष्ट कोणी घेणार नाही.

मॅनेजरच्या राउंडला शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" येतं तेव्हा टीमच्या कामाच्या अंगाने सुरुवात करायची. खरी वेळ मात्र तोंडी ऑफर आल्यानंतर आणि तुम्ही होकार कळवण्याआधीची. त्या दोन-चार दिवसांत कंपनीला तुम्ही हवे असता, जागा भरली असं वर कळवायची घाई असते, आणि फोन उचलले जातात. जुन्या नोकरीत पेपर टाकल्यावर विचारलंत तर उत्तर काहीही आलं तरी परतीची वाट अर्धी बंद झालेली असते. मी माझ्या दुसऱ्या नोकरीच्या वेळी नेमकं हेच केलं होतं. नोटिस पिरियडच्या पंचविसाव्या दिवशी कळलं की ज्या शहरासाठी घेतलंय तिथे आधीच्या तिघांपैकी कोणालाच वर्षभरात व्हेरिएबल मिळालेलं नव्हतं. गेलो तरी. काय करणार.

प्रश्न कसा मांडायचा

"टार्गेट गाठण्याजोगी आहेत का?" हा वाया जाणारा प्रश्न आहे. त्याचं एकच उत्तर येतं. "व्हेरिएबल मिळतं का?" हाही तसाच. आकडा मागणारा, काळ बांधलेला आणि टीम नेमकी सांगणारा प्रश्न विचारायचा. भाच्याला मी हे वाक्य दिलं होतं:

"मॅम, मी ज्या टीममध्ये येणार आहे, त्या टीममध्ये गेल्या चार तिमाहींत दर तिमाहीला किती जण होते आणि त्यातल्या किती जणांचं टार्गेट पूर्ण झालं? नावं नकोत, फक्त संख्या सांगितली तरी चालेल."

यातला प्रत्येक तुकडा मुद्दाम आहे. "मी ज्या टीममध्ये येणार" असं म्हटलं नाही तर अख्ख्या कंपनीचा आकडा येतो, आणि त्यात मुंबईचे मोठे कॉर्पोरेट ग्राहक सांभाळणारे जुने लोकही येतात. "चार तिमाहींत" म्हटलं नाही तर सर्वांत चांगली तिमाही सांगितली जाते, बहुधा जानेवारी-मार्चची, कारण वर्षअखेरीला ग्राहकांची बजेटं संपवायची असतात. "किती जणांचं" म्हटलं नाही तर टीमची टक्केवारी येते. आणि "नावं नकोत" हे म्हटल्यामुळे गोपनीयतेची सबब आधीच बाजूला होते.

त्याला जोडून दुसरा प्रश्न: "पेआउटच्या बाबतीत, मागच्या तिमाहीत टीममधल्या मधल्या माणसाला व्हेरिएबलच्या साधारण किती टक्के मिळाले?" मधला माणूस म्हणजे सगळ्यांना उतरत्या क्रमाने उभं केलं तर जो मध्यावर येतो तो. सरासरी का नको, ते आता बघू.

आकडे हाती आल्यावर

एचआरच्या मॅमनी पहिल्यांदा जे उत्तर दिलं ते असं: "टीम अचिव्हमेंट मागच्या क्वार्टरला 97 परसेंट होती." भाचा खूश. मग ठरल्याप्रमाणे त्याने मॅनेजरशी बोलणं मागितलं. मॅनेजर सरळ माणूस निघाला. त्याने समोरचा तक्ता बघून नावांशिवाय आकडे वाचून दाखवले, आणि भाच्याने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

टीम सहा जणांची. काम दवाखाने आणि छोट्या हॉस्पिटलांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकण्याचं. तिमाही टार्गेट माणशी 15 लाख, म्हणजे टीमचं 90 लाख. आलेला धंदा लाखांत असा: 42, 13, 11, 9, 8, 4. बेरीज 87. नव्वदाचे सत्त्याऐंशी म्हणजे 97 टक्के बरोबरच आहे.

आता माणसं मोजा. टार्गेट पूर्ण करणारा एकच. 13 आणि 11 वाले 70 टक्क्यांच्या, म्हणजे साडेदहा लाखांच्या, गेटच्या वर आहेत, त्यांना निम्मं व्हेरिएबल. 9, 8 आणि 4 वाल्यांना काही नाही. सहापैकी तिघे कोरडे. 42 वाल्याने 280 टक्के आणले तरी कॅपमुळे त्याला दीडपटच मिळालं. सगळं मिळून कंपनीने सहा माणसांच्या व्हेरिएबलपैकी अडीच माणसांचं वाटलं, म्हणजे सुमारे 42 टक्के. वर अचिव्हमेंट 97 आणि खाली पेआउट 42, आणि दोन्ही आकडे एकाच तिमाहीचे, एकाच टीमचे. मधला माणूस बघायचा तर तो 11 आणि 9 च्या मध्ये येतो, म्हणजे 10 लाख, म्हणजे 67 टक्के. गेटच्या जेमतेम खाली.

भाच्याने फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा माझं लक्ष 42 वर गेलं. मी म्हटलं, "हा एवढा कसा पुढे? विचार."

त्याने विचारलं. उत्तर: एका हॉस्पिटल साखळीचं खातं त्या माणसाकडे चार वर्षांपासून आहे आणि त्यांचं नूतनीकरण त्याच तिमाहीत आलं. म्हणजे नवा धंदा नव्हेच तो. तुम्ही नवीन लागलात की तुम्हाला असं खातं मिळत नाही, तुम्हाला कोरा इलाका आणि फोन नंबरांची यादी मिळते. त्यामुळे सगळ्यांत वरच्या माणसाबद्दल हा पोटप्रश्न नेहमी विचारा: त्याच्या आकड्यात नवीन ग्राहक किती आणि जुन्यांचं नूतनीकरण किती. 42 बाजूला काढला तर उरलेले पाच जण 75 लाखांवर 45 आणत होते. साठ टक्के. तुमची टीम खरं तर ही आहे.

आधीच्या तीन तिमाहींचं मॅनेजरने फक्त संख्येत सांगितलं: सहापैकी दोन, एक, दोन. सहा जणांच्या चार तिमाही मिळून वर्षभराच्या चोवीस हजेऱ्या धरल्या तर टार्गेट पूर्ण झालं सहा वेळा. चारातून एकदा.

अजून एक गोष्ट त्या तक्त्यात दिसत नाही. सोडून गेलेले. ज्याचे दोन तिमाही शून्य जातात तो स्वतःहून निघतो किंवा त्याला काढतात, आणि मग तो पुढच्या तक्त्यात नसतो. म्हणून "वर्षाच्या सुरुवातीला असलेल्या सहा जणांपैकी आज किती आहेत?" हे विचाराच. भाच्याला उत्तर मिळालं, तीन. तो स्वतः ज्याच्या जागी जाणार होता तो माणूस सात महिन्यांत गेला होता. हे ऐकून लगेच पळायचं नसतं, पण तो का गेला हे विचारायचं असतं. इथे इलाका नीट वाटलेला नव्हता, दोघे एकाच भागात फिरत होते, आणि ते आता सुधारलंय असं मॅनेजरचं म्हणणं होतं.

उत्तर मिळालं नाही तर

सगळे मॅनेजर असे तक्ता वाचून दाखवत नाहीत. टाळाटाळीचे ठरलेले प्रकार आहेत, आणि प्रत्येकाला वेगळी किल्ली लागते.

"ही माहिती कॉन्फिडेन्शिअल आहे." कधी कधी खरंच असते, विशेषतः शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत विक्रीचे रुपये बाहेर सांगता येत नाहीत. मग रुपये मागूच नका. "निम्म्याहून जास्त लोकांचं टार्गेट पूर्ण होतं की निम्म्याहून कमी, एवढं सांगितलं तरी पुरे" असं म्हणा. याला कोणाचीच हरकत असायचं कारण नसतं. इथेही गप्प बसले तर तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे.

"आमचे टॉप परफॉर्मर महिन्याला लाख कमावतात." बरं. "आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेले?" एवढंच विचारायचं. तुमची तुलना त्यांच्याशी आहे.

"टीम नवीन आहे, इतिहास नाही." हे प्रामाणिक उत्तर असू शकतं. मग प्रश्न वळवा: टार्गेट कशावरून काढलं? एखाद्या जुन्या टीमच्या आकड्यांवरून, की वरून एक मोठा आकडा आला आणि तो माणसांत भागला? दुसरं असेल तर व्हेरिएबल हे स्वप्न धरा आणि फिक्स्डवर बोला.

"तुमच्यावर आहे, मेहनत केली तर स्काय इज द लिमिट." यावर हसून तोच प्रश्न परत विचारायचा, त्याच शब्दांत. दोनदा विचारणं उद्धटपणा नाही. तिसऱ्यांदा मात्र नको.

पडताळणी करायची असेल तर लिंक्डइनवर त्याच कंपनीतून गेल्या वर्षभरात बाहेर पडलेले, त्याच पदावरचे दोन-तीन जण शोधा. त्यांना पगार विचारू नका, लोक बिचकतात. "मी तिथे जॉइन होण्याचा विचार करतोय. तुमच्या वेळी व्हेरिएबल वेळेवर यायचं का, आणि टीममध्ये साधारण किती जणांना मिळायचं?" एवढा मेसेज पुरतो. चिडून गेलेला माणूस थोडं वाढवून सांगेल, ते धरूनच चला. पण तीन वेगळ्या माणसांनी एकच तक्रार सांगितली, उदाहरणार्थ तिमाहीच्या मध्येच टार्गेट वाढवतात, तर ती गोष्ट रिक्रूटरकडे नेऊन सरळ विचारण्यासारखी आहे.

पैसे कधी मोजले जातात

हा भाग नवखे सोडून देतात आणि मग सहा महिन्यांनी मला फोन येतात. तुमचा धंदा "झाला" असं कंपनी कधी धरते? ग्राहकाने ऑर्डर दिली तेव्हा, बिल फाडलं तेव्हा, की ग्राहकाचे पैसे खात्यात आले तेव्हा? छोट्या दवाखान्यांना विकायचं म्हणजे उधारी आलीच. मार्चमध्ये सही झालेल्या ऑर्डरचे पैसे मेअखेर आले आणि कंपनी वसुलीवर मोजत असेल, तर तो धंदा मार्चच्या तिमाहीत येतच नाही. तुमचं गेट तेवढ्याने हुकतं.

आणि पेआउटच्या तारखेला तुम्ही नोकरीत असणं गरजेचं आहे का? बहुतेक पॉलिसींत असतं, आणि काहींत तर नोटिस पिरियड चालू असलेला माणूसही बाद होतो. तिमाही संपल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पैसे मिळत असतील आणि तुम्ही मध्येच पेपर टाकलात, तर कमावलेलं व्हेरिएबल फुल अँड फायनलमध्ये दिसत नाही. ग्राहकाने नंतर ऑर्डर रद्द केली तर दिलेलं व्हेरिएबल परत कापतात का, म्हणजे क्लॉबॅक आहे का, तेही याच दमात विचारून घ्या.

पहिल्या वर्षाचा खरा हिशेब

भाच्याची जॉइनिंग 1 जुलैची ठरत होती. व्हेरिएबल वर्षाला 2 लाख 70 हजार, म्हणजे तिमाहीला 67,500. पेआउट तिमाही संपल्यावर पंचेचाळीस दिवसांनी.

जुलै-सप्टेंबर शिकण्यात जाणार. या उत्पादनात पहिल्या भेटीपासून सहीपर्यंत दोन ते तीन महिने लागतात असं मॅनेजरच म्हणाला होता. तेव्हा पहिली तिमाही शून्य धरा. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये थोडं येईल, पण गेट गाठेलच असं टीमच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. तेही शून्य. जानेवारी-मार्च चांगली, निम्मं धरू: 33,750, आणि ते मिळणार मेच्या मध्यावर. एप्रिल-जूनचे पैसे ऑगस्टमध्ये, म्हणजे पहिल्या बारा महिन्यांत मोजायचेच नाहीत. एकूण 6,30,000 अधिक 33,750, म्हणजे 6,63,750. नऊ लाखांची ऑफर पहिल्या वर्षी रोखीत साडेसहाच्या थोडी वर. आणि या फिक्स्डमध्येही कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, त्यामुळे इन हँड याहून कमी.

त्याच्याकडे दुसरी एक ऑफर होती, सात लाख वीस हजारांची, 90:10. तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिथलं फिक्स्ड 6,48,000 आणि तिमाही व्हेरिएबल 18,000. तिथल्या रिक्रूटरने न अडखळता सांगितलं होतं की आठातल्या सहांना पूर्ण मिळतं. पहिली तिमाही शून्य धरून नंतरच्या दोन पूर्ण धरल्या तरी 6,84,000 होतात. "लहान" ऑफर वीस हजारांनी मोठी निघाली.

"मग ती घेऊ?" भाचा म्हणाला.

मी म्हटलं, आधी पहिल्यांशी बोल. आता तुझ्याकडे बोलायला काहीतरी आहे.

आकड्यांवरून मागणी कशी काढायची

टार्गेट कमी करा असं नवखा उमेदवार सांगू शकत नाही, आणि कंपनी ऐकणारही नाही. ज्या दोन गोष्टींवर खरंच हलतात त्या म्हणजे फिक्स्डमध्ये थोडी वाढ, किंवा सुरुवातीच्या तिमाहींसाठी गॅरंटीड व्हेरिएबल. दुसरी सोपी जाते, कारण तो एकदाच होणारा खर्च असतो आणि पगाराची पट्टी मोडत नाही.

त्याने पाठवलेला मेल इंग्रजीत होता, पण मजकूर असा: "मॅनेजर सरांनी दिलेल्या माहितीनुसार गेल्या चार तिमाहींत दर तिमाहीला सहापैकी एक ते दोन जणांचं टार्गेट पूर्ण झालं आहे, आणि सौदा पूर्ण व्हायला दोन ते तीन महिने लागतात. मला काम आवडलं आहे. पहिल्या दोन तिमाहींत व्हेरिएबल पूर्ण गॅरंटीड मिळालं तर मी लगेच होकार कळवू शकेन." तक्रारीचा सूर कुठेच नाही. त्यांनीच दिलेले आकडे आणि एक मागणी.

दोन दिवसांनी उत्तर आलं: पहिल्या तिमाहीला पूर्ण आणि दुसरीला निम्मं गॅरंटीड. हिशेब पुन्हा केला. 6,30,000, अधिक 67,500, अधिक 33,750, अधिक जानेवारी-मार्चचे अंदाजे 33,750. सात लाख पासष्ट हजार. आता ही ऑफर दुसरीच्या पुढे गेली.

मी त्याला एवढंच बजावलं की मेलवरचं कबूल झालेलं ऑफर लेटरमध्ये आलं पाहिजे. पहिल्या मसुद्यात ते आलं नव्हतं. तिथे नेहमीचं एक वाक्य होतं की व्हेरिएबल कंपनीच्या पॉलिसीनुसार आणि कंपनीच्या मर्जीनुसार दिलं जाईल, आणि पॉलिसी कधीही बदलता येईल. हे वाक्य जवळपास सगळीकडे असतं, ते काढून टाका म्हणून भांडू नका. पण त्याखाली गॅरंटीची वेगळी ओळ टाकून घ्या, रक्कम, तिमाही आणि पैसे कोणत्या महिन्याच्या पगारात येणार यासकट. आणि इन्सेंटिव्ह पॉलिसीची चालू वर्षाची प्रत सही करण्याआधी मागा. "जॉइन झाल्यावर पोर्टलवर दिसेल" असं म्हणाले तर निदान गेट, कॅप आणि पेआउटच्या तारखेची अट मेलवर लिहून मागवा.

सुधारलेलं लेटर तीन दिवसांनी आलं. पहिलं गॅरंटीड व्हेरिएबल नोव्हेंबरच्या पगारात जमा झालं, टीडीएस कापून. त्या महिन्याची पेस्लिप जपून ठेव म्हणून सांगितलंय. पुढच्या नोकरीच्या वेळी समोरचा रिक्रूटर हाच प्रश्न उलटा त्याला विचारणार आहे: "मागच्या ठिकाणी व्हेरिएबल प्रत्यक्षात किती मिळालं?"